‘सोबत जोडलं आहे’ लिहिलंय, पण जोडलंय भलतंच: मसुद्यातले उल्लेख आणि प्रत्यक्ष वस्तू जुळवून कसे पाहावेत

ईमेल गेलं की थोड्या वेळाने उत्तर येतं: ‘फाईल मागच्या वेळचीच दिसतेय.’ किंवा ‘लिंक उघडत नाही.’ किंवा ‘यात उल्लेख केलेले सर कोण?’ मसुदा पाठवण्याआधी दोनदा वाचलेला असतो, शुद्धलेखनही नीट असतं, तरी पुढच्या वेळी पुन्हा हेच. ज्यांच्या हातून रोज अशी पत्रं जातात त्यांना हा अनुभव नवा नाही. म्हणून हा दोष नेमका कुठे असतो आणि तो कसा पकडायचा, ते एक मसुदा समोर ठेवून सविस्तर लिहितो.

पुन्हा पुन्हा वाचूनही हा दोष सापडत नाही, कारण तो वाक्यात नसतोच. ‘वेळापत्रक सोबत जोडलं आहे’ या वाक्यात व्याकरणाची, अर्थाची, कसलीही चूक नाही. चूक आहे ती जोडलेल्या फाईलमध्ये, आणि ती फाईल वाचताना डोळ्यांसमोर नसते. लिंकचंही तसंच. दिसणारा मजकूर एक, त्याखाली दडलेला पत्ता दुसरा. त्यात बहुतेक मसुदे कोऱ्या पानावर लिहिले जात नाहीत. मागचं पत्र उघडायचं, त्यातले चार शब्द बदलायचे आणि पाठवायचं, अशी सगळ्यांची रीत असते. शब्द बदलतात, पण त्यांच्यामागच्या वस्तू जुन्याच राहतात.

आता हा मसुदा पाहा. एका प्रशिक्षणाच्या तिसऱ्या तुकडीसाठी तो लिहिलाय. दुसऱ्या तुकडीला गेलेलं पत्र फॉरवर्ड करून, मजकुरात बदल करून तो तयार झालाय.

> नमस्कार गोरे मॅडम,
>
> तिसऱ्या तुकडीचं वेळापत्रक आणि नावनोंदणीचा अर्ज सोबत जोडला आहे. अर्ज भरून १४ जूनपर्यंत पाठवावा. नियम परिशिष्ट दोनमध्ये दिले आहेत. वाचनाचं साहित्य येथे पाहता येईल. ऑनलाइन सत्रासाठी https://example.org/satra3वर यावं.
>
> पहिलं सत्र लेले मॅडम घेतील. गेल्या वेळीही ते आले होते. साठ्यांच्या सत्राची वेळ नंतर कळवू. अडचण आल्यास पाटलांशी संपर्क साधावा.

खाली तीन फाईली जोडलेल्या दिसतात: `velapatrak.pdf`, `arj_final.docx` आणि `yadi.xlsx`.

आधी उल्लेख वेगळे काढा

पडताळणी सुरू करण्याआधी मसुद्याच्या शेजारी एक कागद घ्या आणि मजकुराबाहेरच्या ज्या ज्या गोष्टीकडे मजकूर बोट दाखवतो, ती एकेका ओळीवर लिहून काढा. इथे अशा गोष्टी निघतात: तिसऱ्या तुकडीचं वेळापत्रक, अर्ज, १४ जून ही मुदत, परिशिष्ट दोन, ‘येथे’ची लिंक, सत्राचा पत्ता, आणि गोरे, लेले, साठे, पाटील ही चार नावं. मनातल्या मनात मोजू नका. मनात मोजताना ‘परिशिष्ट दोन’ हमखास निसटतं, कारण ते जोडलेल्या वस्तूसारखं वाटत नाही.

मसुदा मोठा असेल तर Ctrl+F ने काही ठरावीक शब्द शोधणं सोपं जातं: ‘सोबत’, ‘जोड’, ‘येथे’, ‘इथे’, ‘खाली’, ‘परिशिष्ट’, ‘तक्ता’, ‘पान’. ‘जोडलं’ असा पूर्ण शब्द शोधू नका. ‘जोडला’, ‘जोडलेली’, ‘जोडत आहे’ अशी कितीतरी रूपं त्यातून सुटतील. ‘जोड’ एवढंच पुरे.

तारखाही याच यादीत येतात, हे मुद्दाम सांगतो. ‘१४ जूनपर्यंत’ हा नुसता मजकूर नाही. अर्जावरही मुदत छापलेली असते आणि ती हीच असायला हवी. शोधताना मात्र ‘14’ टाकलं तर बऱ्याच प्रोग्रॅममध्ये ‘१४’ सापडत नाही, म्हणून दोन्ही अंक टाकून बघा.

फाईल मसुद्यातूनच उघडा

जोडलेली फाईल तपासायची म्हणजे तिचं नाव वाचायचं, असं बहुतेक जण करतात. `velapatrak.pdf` हे नाव दुसऱ्या तुकडीच्या वेळापत्रकालाही लागू पडतं आणि तिसऱ्या तुकडीच्याही. आपल्या मसुद्यात ती दुसऱ्या तुकडीचीच फाईल आहे, कारण पत्र फॉरवर्ड केलं की जुन्या जोडण्या तशाच पुढे येतात. रिप्लाय दिला तर उलट घडतं: आधीच्या पत्रातल्या जोडण्या गळून पडतात आणि ‘सोबत जोडलं आहे’ हे वाक्य तेवढं उरतं. मसुदा कुठल्या मार्गाने तयार झालाय हे आठवलं, तरी कुठला दोष शोधायचा ते कळतं. फॉरवर्ड असेल तर जुनं काही राहिलंय का पाहायचं, रिप्लाय असेल तर काही गायब आहे का ते.

फाईल उघडायची ती मसुद्यातून, आपल्या फोल्डरमधून नाही. जोडल्या क्षणी फाईलची जी प्रत होती तीच पत्राबरोबर जाते. त्यानंतर फोल्डरमधल्या फाईलमध्ये केलेल्या सुधारणा जोडलेल्या प्रतीत शिरत नाहीत. त्याच कारणाने, वर्डमध्ये फाईल उघडी असताना आणि शेवटचे बदल सेव्ह केलेले नसताना ती जोडली, तर शेवटी सेव्ह झालेली जुनी प्रत जाते. फोल्डरमध्ये पाहिलं तर सगळं बरोबर दिसतं, आणि समोरच्याला मात्र जुनं मिळतं. `arj_final.docx` मसुद्यातून उघडल्यावर कळतं की त्यावर ७ जून ही मुदत आहे. तारीख बदलली होती खरी, पण फाईल जोडून झाल्यावर.

एक छोटी खूण लक्षात ठेवा. जोडलेल्या फाईलचं नाव `~$` ने सुरू होत असेल आणि आकार नगण्य असेल, तर ती तुमची फाईल नाही. वर्डमध्ये दस्तऐवज उघडा असताना वर्ड शेजारी जी तात्पुरती फाईल ठेवतं, ती चुकून जोडली गेलीय. तिच्यात तुमचा मजकूर नसतो.

मोठ्या फाईलींची गोष्ट थोडी वेगळी आहे. जीमेलमध्ये जोडण्यांची मर्यादा २५ एमबी आहे. त्याहून मोठी फाईल टाकली की ती ड्राइव्हवर चढते आणि पत्रात तिची लिंक येते. शिवाय ईमेलमधून जाताना फाईलला अक्षरांचं रूप द्यावं लागतं आणि त्यात तिचा आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून मर्यादेच्या थोडी आत असलेली फाईलही काही वेळा अडते. मजकूर ‘सोबत जोडलं आहे’ म्हणतो आणि प्रत्यक्षात जाते ती लिंक. मग तिला फाईल समजून सोडून देऊ नका, लिंकच्या सगळ्या चाचण्या तिलाही लावा.

‘फाईल जोडायला विसरलात का?’ अशी सूचना देणारी सोय बऱ्याच ईमेल प्रोग्रॅममध्ये असते. ती उपयोगी आहे, पण तिच्या दोन मर्यादा ओळखून असा. ती मजकुरातले ठरावीक शब्द पाहते. ते शब्द इंग्रजी असतील तर ‘सोबत जोडलं आहे’ तिच्या लेखी काहीच नाही. थंडरबर्डमध्ये हे शब्द आपल्याला वाढवता येतात: सेटिंग्जमधल्या Composition विभागात Check for missing attachments आहे, त्याच्या Keywords मध्ये ‘सोबत’, ‘जोडला’, ‘जोडली’, ‘जोडलं’, ‘जोडले’ घालून ठेवा. दुसरी मर्यादा मात्र कुठल्याच सेटिंगने जात नाही. काहीतरी जोडलंय एवढंच ती सोय पाहते. काय जोडलंय, ते बरोबर आहे का, याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

लिंक: दिसते ती आणि जाते ती

‘येथे पाहता येईल’मधल्या ‘येथे’वर माउस नेला की खाली खरा पत्ता दिसतो. मजकुरातला शब्द बदलला तरी हा पत्ता बदलत नाही, आणि लिंकच्या जागी दुसरा पूर्ण पत्ता टाइप केला तरी आतला जुना राहू शकतो. सर्वांत फसवी अवस्था हीच, कारण दिसणारा पत्ता नवा असतो आणि क्लिक जातो जुन्याकडे. अशा शब्दावर कर्सर ठेवून Ctrl+K दाबलं की बऱ्याच ठिकाणी दोन्ही गोष्टी, दिसणारा मजकूर आणि आतला पत्ता, समोर येतात. मसुदा वर्डमध्ये असेल तर Alt+F9 दाबा. दस्तऐवजातल्या सगळ्या लिंकांचे आतले पत्ते एकदम उघडे पडतात, आणि पुन्हा Alt+F9 दाबलं की पूर्ववत होतं. पत्ता `file:///` ने सुरू होत असेल तर पुढे तपासायचीही गरज नाही. ती लिंक तुमच्याच संगणकावरच्या फाईलची आहे, दुसऱ्या कुणाकडे ती उघडणार नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक दोष हमखास छळतो. मसुद्यात पत्त्याला ‘वर’ चिकटून लिहिलंय. मराठीत शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच लिहायचं, तेव्हा लिहिणाऱ्याचं काही चुकलं नाही. पण पत्त्यात देवनागरी अक्षरं चालतात, म्हणून काही प्रोग्रॅम ‘वर’सकट सगळं एकच पत्ता धरतात. क्लिक केल्यावर ब्राउझर जे मागतो ते असं:

```
https://example.org/satra3%E0%A4%B5%E0%A4%B0
```

शेवटचे सहा तुकडे म्हणजे ‘व’ आणि ‘र’ ही दोन अक्षरं. असं पान नसतंच, त्यामुळे ‘सापडलं नाही’ असा संदेश येतो. देवनागरी अक्षरं अशा पत्त्यात बहुतेकदा `%E0%A4` किंवा `%E0%A5` अशी उमटतात. तुमचा मूळ पत्ता सगळा रोमन असताना शेवटी असं काही दिसलं, तर प्रत्यय चिकटलाय हे समजा. पत्त्यातच मराठी शब्द असतात अशी संकेतस्थळंही आहेत, त्यामुळे नुसतं `%E0` दिसलं म्हणून घाबरू नका, शेपूट बघा. उपाय सोपा आहे. ‘ऑनलाइन सत्रासाठी पुढील पत्त्यावर यावं:’ असं लिहून पत्ता स्वतंत्र ओळीवर द्या आणि त्याच्यानंतर काहीही, अगदी पूर्णविरामही, ठेवू नका.

यानंतर लिंक उघडून पाहायची, पण स्वतःच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये नाही. तिथे तुम्ही आधीच लॉगिन असता आणि तुमच्याच फाईली तुम्हाला कोण अडवणार? खाजगी विंडोत उघडा. आधी उघडलेल्या खाजगी विंडो मात्र सगळ्या बंद करून नव्याने उघडा, कारण त्यातल्या एकीत लॉगिन केलेलं असेल तर नव्या विंडोलाही तेच लागू होतं. खाजगी विंडोने लॉगिन मागितलं तर याचे दोन अर्थ निघतात. फाईल सगळ्यांसाठी खुली असायला हवी होती, पण नाही. किंवा ती मुद्दाम ठरावीक लोकांनाच दिलीय. दुसऱ्या प्रकारात ही चाचणी काही सांगत नाही. तिथे शेअरिंगची यादी उघडून, ज्यांना पत्र जातंय त्यांचा नेमका ईमेल पत्ता तिच्यात आहे का, हे पाहावं लागतं. लोक अनेकदा एका पत्त्यावर पत्र घेतात आणि ड्राइव्ह दुसऱ्या पत्त्यावर वापरतात.

पान उघडलं म्हणजे काम झालं नाही. ‘येथे’ची लिंक आपल्या उदाहरणात व्यवस्थित उघडते, पण दुसऱ्या तुकडीच्या साहित्याच्या फोल्डरमध्ये नेते. पानाचं शीर्षक मसुद्यातल्या वाक्याशी ताडून पाहिलं तरच हे दिसतं.

नावं बदलताना विभक्ती आडवी येते

जुन्या पत्रात पहिलं सत्र साठे सर घेणार होते, आता लेले मॅडम घेणार आहेत. फाइंड-रिप्लेसने ‘साठे सर’च्या जागी ‘लेले मॅडम’ झालं आणि काम संपलं असं वाटलं. पण पुढच्याच वाक्यात ‘ते आले होते’ तसंच राहिलं. लेले मॅडमसाठी ‘त्या आल्या होत्या’ हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या गेल्या वेळी आल्या होत्या का? ते वाक्य साठे सरांबद्दलचं होतं. नाव बदललं की त्या माणसाबद्दल केलेली विधानंही खरी उरतात का ते पाहावं लागतं, आणि हे कुठलंही रिप्लेस करून देत नाही.

त्यानंतर ‘साठ्यांच्या सत्राची वेळ’ राहिली ती राहिलीच. विभक्तीचा प्रत्यय लागताना ‘साठे’चं ‘साठ्यां-’ होतं, ‘पाटील’चं ‘पाटलां-’, ‘गोरे’चं ‘गोऱ्यां-’. पूर्ण आडनाव शोधणाऱ्याला ही रूपं सापडत नाहीत. म्हणून आडनावाचा न बदलणारा भागच शोधायचा: ‘पाट’, ‘साठ’. ‘साठ’ शोधलं की ‘सत्रासाठी’ही सापडेल, तेव्हा आधी एक मोकळी जागा देऊन ‘ साठ’ असं शोधा. ‘गोरे’ला एवढ्यानेही भागत नाही. ‘गोऱ्यांना’मधला ऱ आणि ‘गोरे’मधला र ही संगणकाच्या लेखी वेगळी अक्षरं आहेत. शिवाय ‘ऱ्य’ दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तुमच्या कळफलकावरून शोधलेला ‘गोऱ्या’ दुसऱ्याने टाइप केलेल्या मजकुरात सापडेलच असं नाही. ‘ॲड.’चंही हेच: ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणूनही येतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. अशा नावांसाठी ‘गो’ एवढंच शोधून प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी बघणं हाच भरवशाचा मार्ग.

आडनाव कसं लिहायचं हे त्या व्यक्तीच्या स्वतःच्या सहीवरून ठरवा. कुलकर्णी आणि कुळकर्णी अशी दोन्ही रूपं लिहिली जातात, आणि त्यातलं कुठलं हवं ते शुद्धलेखन तपासनीस सांगू शकत नाही.

नावाची आणखी एक जागा मजकुराबाहेर असते: ‘प्रति’ची चौकट. दोन अक्षरं टाकली की प्रोग्रॅम पूर्ण पत्ता सुचवतो आणि एकाच आडनावाची दोन माणसं संपर्कयादीत असतील तर चुकीचं माणूस सहज निवडलं जातं. तिथे दिसणाऱ्या नावावर विसंबू नका, त्यावर माउस नेऊन खरा ईमेल पत्ता वाचा. मी स्वतः तर ही चौकट सगळी पडताळणी होईपर्यंत रिकामीच ठेवतो. अर्धवट मसुदा चुकून सुटायची धास्तीच राहत नाही.

आता उलट्या दिशेने

इथवर आपण मजकुराकडून वस्तूंकडे गेलो. आता प्रत्येक जोडलेल्या वस्तूकडून मजकुराकडे यायचं: ही फाईल कुठल्या वाक्यासाठी आहे? `yadi.xlsx`ला वाक्यच सापडत नाही. ती उघडली तर दुसऱ्या तुकडीच्या प्रशिक्षणार्थींची फोन क्रमांकांसह यादी निघते. जुन्या पत्रात ती एका सहकाऱ्यासाठी जोडली होती आणि फॉरवर्डबरोबर पुढे आली. मजकुरात उल्लेख असून फाईल नसली तर समोरचा ती मागून घेतो. उल्लेख नसलेली फाईल गेली तर दुसऱ्यांची माहिती बाहेर गेलेली असते. माझ्या मते उलट्या दिशेची ही फेरी पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच लोक टाळतात.

दुरुस्त्या केल्यावर यादी पुन्हा पहिल्यापासून फिरवा. कारण आपल्याच मसुद्यात पाहा: जुनं वेळापत्रक काढून तिसऱ्या तुकडीचं जोडलं, आणि ‘परिशिष्ट दोन’ तुटलं. नियम जुन्या पीडीएफच्या शेवटी होते, नव्या वेळापत्रकात फक्त वेळा आहेत. एक उल्लेख जुळवताना दुसरा निखळला. नियमांची फाईल वेगळी जोडून ‘नियम सोबतच्या वेगळ्या फाईलमध्ये आहेत’ असं वाक्य बदललं की हे मिटतं.

शेवटी पत्र स्वतःच्याच दुसऱ्या खात्यावर पाठवून फोनवर उघडा. पहिल्या खात्यावर पाठवलंत तर लिंका तुम्हाला उघडतीलच, त्यातून काही कळणार नाही.

गेलंच तर

जीमेलमध्ये पत्र मागे घेण्यासाठी जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. सेटिंग्जमध्ये Undo Send समोर ५ ऐवजी ३० निवडून ठेवा. पाठवल्यावर तेवढा वेळ पान बंद करू नका आणि जोडण्यांवर एकदा नजर टाका.

वेळ निघून गेली असेल तर नुसती राहिलेली फाईल पाठवू नका. संपूर्ण दुरुस्त पत्र पुन्हा पाठवा, विषयात ‘दुरुस्त’ असा शब्द घाला आणि पहिल्या वाक्यात काय बदललंय ते लिहा: ‘आधीच्या पत्रातलं वेळापत्रक दुसऱ्या तुकडीचं होतं, हे ग्राह्य धरावं.’ नाहीतर समोरच्याकडे दोन वेळापत्रकं होतात आणि तो पहिलंच वापरतो. फाईल ड्राइव्हच्या लिंकने दिली असेल आणि ती पीडीएफसारखी चढवलेली असेल, तर पुन्हा पत्राचीही गरज नसते. त्या फाईलच्या Manage versions मधून नवी प्रत चढवली की लिंक तीच राहते आणि आत नवी फाईल येते. चुकीच्या माणसाकडे लिंक गेली असेल तर शेअरिंग लगेच बंद करता येतं. जोडून पाठवलेल्या फाईलचं तसं नाही. म्हणून ज्या फाईलमध्ये इतरांची नावं-नंबर आहेत ती जोडायचीच नाही, ठरावीक लोकांना लिंकने द्यायची.